‘आश्वासन’ नको, ‘क्वालिटी’च म्हणा

*सर, मी गडहिंग्लज तालुक्यातली. मेकॅनिकलची डिग्री पुण्यात केली. महिन्यापूर्वी चाकणला, गाड्यांचे शाफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर म्हणून लागले. ट्रेनिंग संपलं, सोमवारपासून मला लाईन दिलीय. साहेब म्हणाले, पहिल्या शिफ्टच्या मीटिंगला सगळ्यांना मराठीत ओळख करून दे. मी लिहून काढलं : ‘माझे नाव अमुक असून मी गुणवत्ता आश्वासन विभागात अभियंता या पदावर रुजू झाले आहे.’ रूममेट म्हणाली, बातम्या वाचतेस का? मग न लिहिता बोलून पाहिलं, तर तोंडातून आलं : ‘सो, मी बेसिकली प्रोसेस इम्प्रूव्हमेंटवर फोकस करणार आहे.’ मराठीत बोल म्हटल्यावर इंग्रजी शब्द किती चालतात? समोर चाळीस माणसं असतील, निम्मी माझ्या वडिलांच्या वयाची. शिवाय घरी मी ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलते, आणि पुण्यात त्याला हसतात.*

रूममेटचं म्हणणं बरोबर आहे. ‘गुणवत्ता आश्वासन’ या शब्दाचा मला स्वतःला फटका बसलाय. मशीन शॉपमध्ये मी नवीन होतो. उत्साहाच्या भरात ऑपरेटरांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, ‘मी गुणवत्ता आश्वासन विभागातून आलो आहे.’ मागच्या रांगेतून एकजण शांतपणे म्हणाला, ‘साहेब, आश्वासन नको, माल पास करा.’ जे हसू फुटलं ते थांबेना. त्यानंतर वर्षभर मला तिथं ‘आश्वासन साहेब’ म्हणायचे. शब्द चुकीचा नव्हता, परिभाषेच्या कोशात बसेल असाच होता. पण त्या माणसांच्या कानाला आश्वासन हे फक्त निवडणुकीत मिळतं, आणि माल तपासणाऱ्याला ते क्वालिटीवाला म्हणतात. मी त्यांच्या रोजच्या वस्तूला त्यांनी कधी न ऐकलेलं नाव दिलं होतं.

किती टक्के इंग्रजी चालतं, असं माप नाही. पण कुठल्या जागी चालतं आणि कुठल्या जागी खटकतं, हे बऱ्यापैकी पक्कं सांगता येतं. तुमची दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात वस्तूंची नावं मराठी करायला गेलात आणि वाक्य अवघडलं. दुसऱ्यात उलट झालं. ‘सो’, ‘बेसिकली’, ‘फोकस करणार’ यांतला एकही शब्द तांत्रिक नाही. ते वाक्याचे सांधे आहेत. तिथं मराठीत ‘तर’, ‘म्हणजे’, ‘म्हणून’, ‘बघणार आहे’ हे शब्द आयते आहेत, आणि ते असताना इंग्रजी आलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई आपल्याशी बोलत नाही, मुलाखत देतेय. ‘फर्स्ट पीस चेक करते’ यात तीन शब्द इंग्रजी आहेत, तरी कुणाच्या कपाळावर आठी येणार नाही. ‘ॲक्च्युअली मला असं वाटतं’ यात एकच आहे, आणि तो खटकतो. नावं कारखान्याची ठेवा, सांधे घरचे ठेवा.

आता कारखान्याची नावं म्हणजे कुठली, हे ओळखायची माझी रीत सांगतो. उद्या लाईनवर गेलात की बोर्ड वाचा, जॉब कार्ड वाचा, आणि सेटर ऑपरेटरशी काय बोलतो ते पंधरा मिनिटं नुसतं ऐका. त्यात जे शब्द आले ते तुमचे : लाईन, शिफ्ट, पीस, साईज, गेज, सेटिंग, रिजेक्शन, रिवर्क, रेड बिन. यांचं मराठी करू नका. जे शब्द फक्त तुमच्या कॉलेजच्या वहीत किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर आहेत, ते सोमवारी सकाळी घरी ठेवा. ‘डायमेन्शनल व्हेरिएशन’ लाईनवर कुणी म्हणत नाही, ‘साईज हलतेय’ म्हणतात. ‘मशीन कॅपॅबिलिटी स्टडी’चा उल्लेख करायचाच असेल तर ‘लागोपाठ पन्नास पीस घेऊन मोजणार आहे’ म्हणा. नाव टाळलंत तरी कृती कळते, आणि तेवढे पन्नास पीस ज्याला काढून द्यायचे आहेत त्याला आधीच अंदाज येतो.

(मराठीत परके शब्द नकोत, असा आग्रह धरणारा कुणी भेटला तर त्याला विचारा, हजेरी, रजा आणि कारखाना कुठून आले? ते अरबी-फारसीतून आले. पगार आणि चावी पोर्तुगीजांकडून आल्या. लाईन आणि शिफ्ट त्याच वाटेवर चालल्यात, फक्त जरा मागून निघाल्यात.)

एका शब्दाला मात्र जपा. ‘हा माझा पहिलाच जॉब आहे’ हे वाक्य तुम्ही बोलणार याची मला जवळपास खात्री आहे. मशीन शॉपमध्ये जॉब म्हणजे चकमध्ये बांधलेला तुकडा, ज्यावर काम चाललंय तो. ‘जॉब बांधला’, ‘जॉब काढला’, ‘जॉब खराब झाला’ हे तिथं दिवसभर चालतं. इंग्रजी शब्द एकच, पण ऑफिसात त्याचा अर्थ एक आणि लाईनवर दुसरा. असे शब्द उघड परक्या शब्दांपेक्षा जास्त अडकवतात, कारण बोलणाऱ्याला शंकाच येत नाही. तुम्ही ‘पहिलीच नोकरी’ म्हणा. तसं तर तेही सांगायची गरज नाही, तुमच्याकडे बघून कळेल.

इंग्रजी नाव मराठी वाक्यात आलं की त्याला लिंग लागतं, आणि इथं बाहेरचा माणूस चटकन ओळखू येतो. बरेचदा जुन्या मराठी शब्दाचं लिंग नव्याला मिळालेलं दिसतं. पाळी स्त्रीलिंगी म्हणून ‘पहिली शिफ्ट’, रांग स्त्रीलिंगी म्हणून ‘लाईन थांबली’, अहवाल पुल्लिंगी म्हणून ‘रिपोर्ट दिला’. ट्रेनिंग ‘झालं’ पण मीटिंग ‘झाली’, शेवट दोघांचा सारखा असूनही, कारण मीटिंगच्या मागे बैठक उभी आहे. हे तुम्हाला शिकवायची गरज नाही, जिभेला येतंच. अडचण फक्त अशा शब्दांची जे जागोजागी बदलतात. मशीन काही शॉपमध्ये ‘बंद पडलं’ असतं, काहींत ‘बंद पडली’. दोन्ही ऐकलंय, दोन्ही चालतं. तुमच्या लाईनवर जे म्हणतात ते उचला. व्याकरणाच्या पुस्तकातून ठरवून गेलात तर तुम्हीच वेगळ्या पडाल.

पत्रात तुम्ही विचारलं नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्यात इंग्रजीचा संबंध नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, म्हणून इंग्रजीत विचार करून मराठी बोलणारा माणूस नेमका इथं घसरतो. ‘आम्ही क्वालिटीवाले दर दोन तासांनी येऊन तपासणार’ म्हटलंत की एका क्षणात रेघ ओढली गेली : अलीकडे आम्ही, पलीकडे तुम्ही. ‘तुमच्या लाईनचं रिजेक्शन’ त्याहून वाईट, तो सरळ आरोप झाला. ‘आपल्या लाईनला’ म्हणा. समोरचा त्यात आला की तो ऐकतो.

पण आपणची दुसरी बाजूही आहे. ‘आपण मला सहकार्य करावे’ यातला आपण म्हणजे आदरार्थी तुम्ही, आणि तो निमंत्रणपत्रिकेतला आहे. तिथं साधं ‘तुम्ही मला सांगा’ पुरतं. वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘तुम्ही’ म्हटलं की मान पोचतो. ‘काका’, ‘मामा’ ही हाक ओळखीनंतर येईल, आणि लाईनवर ज्याला जे म्हणतात तेच म्हणा. पहिल्याच दिवशी चाळीस जणांना ‘काका’ करू नका. त्यांतले दहा तरी तुमच्याहून लहान निघतील.

आकड्यांचंही ठरवून जा. वेळ आणि नग मराठीत, माप इंग्रजीत. ‘साडेसहाला येते’, ‘दर दोन तासांनी पाच पीस’ हे मराठीत सहज बसतं. ‘सिक्स थर्टीला येते’ म्हटलं की उगाच मिजास दिसते. मापाचं तसं नाही. समजा 25 मिलिमीटरचा शाफ्ट आहे आणि ड्रॉइंगवर h7 दिलंय. म्हणजे साईज 25.000 पासून खाली 24.979 पर्यंत चालते, एकूण 21 मायक्रॉनची मोकळीक. आता 24.979 मराठीत म्हणून पाहा : चोवीस पॉइंट नऊशे एकोणऐंशी. कॉम्प्रेसरच्या आवाजात एकोणऐंशी आणि एकोणसत्तर यांत किती फरक ऐकू येईल? ऐकणाऱ्यानं एकोणसत्तर धरलं तर 24.969 चा पीसही त्याच्या लेखी ओके ठरला. म्हणजे खालच्या टोकाच्या दहा मायक्रॉन खाली गेलेला माल बिनबोभाट पुढे. शिवाय बिहार-ओडिशाकडची मुलं तुमच्या शॉपमध्ये असतीलच. मराठीतलं एकोणऐंशी त्यांना झेपत नाही. ‘ट्वेंटी फोर पॉइंट नाईन सेव्हन नाईन’, एकेक आकडा सुटा, सगळ्यांना कळतं. मायक्रोमीटरवर आणि ड्रॉइंगवर तो तसाच वाचला जातो. हे इंग्रजी दिखाव्याचं नाही, माल वाचवायचं आहे.

ओळखीत माप यायचं कारण नाही म्हणा. पण मीटिंगमध्ये लगेच कुणी विचारलं, ‘मॅडम, खालची लिमिट काय धरायची?’ तर तेव्हा अडखळायला नको.

आता ‘मी जातो, मी करतो’. कोल्हापूरकडच्या बायका असंच बोलतात, तुमच्या आईपासून सगळ्या, आणि त्यात चूक काही नाही. तो तिकडचा रिवाज आहे. चाकणच्या शॉपमध्ये सातारा, लातूर, बीड, नगर सगळीकडची मंडळी भेटतील आणि प्रत्येकाची मराठी आपापल्या गावची असते. पुण्यात हसले ते कॉलेजात हसले. मी सांगेन ते एवढंच : एक काहीतरी धरा. चार वर्षं पुण्यात राहून ‘करते’ जिभेवर बसलं असेल तर तेच बोला. बसलं नसेल तर ‘करतो’ बोला आणि गाव सांगा, गाव ऐकलं की सगळा उलगडा होतो. एका वाक्यात ‘करते’ आणि दुसऱ्यात ‘करतो’ असं झालं तर मात्र तुम्ही स्वतःला दुरुस्त करताय हे दिसतं, आणि लोक बोलण्याऐवजी तुमची धडपड ऐकत बसतात. ‘माझे नाव’चं ‘माझं नाव’ करायला मात्र विसरू नका. ते एकार कागदावरचे आहेत, तोंडात ते अनुस्वाराचेच होतात, ‘काम केलं’, ‘ट्रेनिंग झालं’.

हे सगळं धरून तुमची ओळख मी लिहून पाहिली. जशीच्या तशी पाठ करू नका, तुमच्या लाईनप्रमाणे फिरवा.

‘नमस्कार. माझं नाव अमुक. गाव गडहिंग्लजजवळ अमुक. आजपासून आपल्या शाफ्ट लाईनला पहिल्या शिफ्टचं क्वालिटीचं काम मी बघणार आहे. सकाळचा फर्स्ट पीस मी चेक करेन आणि मग दर दोन तासांनी लाईनवर येऊन पाच पीस मोजेन. गेज पडलं, घासलं किंवा त्याच्याबद्दल शंका आली, तर लगेच मला हाक मारा, पीस आऊट जायची वाट बघू नका. माझं महिनाभर ट्रेनिंग झालंय, पण या मशीनवर तुम्ही कित्येक वर्षं काम करताय. ग्राइंडिंगला ड्रेसिंगनंतर साईज किती हलते, हे मला तुमच्याकडून बघायचंय. मी साडेसहाला येते. माझं टेबल लाईनच्या टोकाला, रेड बिनशेजारी आहे.’

एक मिनिटही लागणार नाही. सातच्या शिफ्टला उभ्यानं ऐकणाऱ्या माणसांना तेवढंच झेपतं. यातली निवड कशी झाली ते थोडं सांगतो. ‘चेक करेन’ ठेवलं, कारण फर्स्ट पीस सगळे चेकच करतात. पण त्याच वाक्यात पुढे ‘इन्स्पेक्शन करेन’ न म्हणता ‘मोजेन’ घेतलं. मोजणं हे क्रियापद मराठीत जिवंत आहे आणि ते कृतीला नेमकं लागतं. ‘इन्फॉर्म करा’च्या जागी ‘हाक मारा’ आलं. इन्फॉर्म म्हटलं की माणसाला वाटतं लेखी द्यायचंय, आणि तो द्यायचं टाळतो. ‘साईज हलते’ हा शब्दप्रयोग मी ऑपरेटरांकडूनच घेतलाय. ग्राइंडिंग व्हील ड्रेस केलं की त्याचा व्यास कमी होतो, भरपाई दिली नाही तर पीस मोठा येतो, आणि हे अंगवळणी पडलेल्या माणसाला त्याच्याच शब्दात विचारलं की तो पुढचा अर्धा तास मनापासून सांगतो. ‘व्हील वेअर कॉम्पेन्सेशनबद्दल तुमचा एक्स्पीरियन्स शेअर करा’ म्हणून पाहा बरं, कोण बोलेल?

बघा, पद सांगितलेलं नाही. इंजिनिअर हा शब्द कुठेच नाही. साहेब ओळख करून देताना तो सांगतीलच, आणि नाही सांगितला तरी सोमवारी दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत असेल. डिग्री, कॉलेज, प्रोजेक्ट हेही गाळलंय. लाईनवरच्या माणसाला तीन गोष्टी हव्या असतात : ही कोण, कधी येणार, आणि अडलं तर कुठं सापडेल.

त्याच दिवशी ऑफिसमध्ये साहेबांसमोर पुन्हा ओळख द्यायची वेळ आली तर हेच भाषण घेऊन जाऊ नका. तिथं मिश्रण बदलतं. लाईनवर ‘पाचशेत सहा पीस गेले’ म्हटलं की चित्र उभं राहतं. ऑफिसात तोच आकडा ‘12,000 पीपीएम’ म्हणून मागतात, कारण ग्राहकाच्या तक्त्यात तो तसा भरायचा असतो. हिशेब एकच आहे : पाचशेत सहा म्हणजे दहा लाखांत बारा हजार. तिथं ‘कंट्रोल प्लॅन’, ‘कॅपॅबिलिटी’, ‘करेक्टिव्ह ॲक्शन’ हे शब्द न वापरणंच विचित्र दिसेल. वाक्याचे सांधे तिथंही मराठीच राहू द्या. ‘मागच्या महिन्यात रिजेक्शन ग्राइंडिंगला जास्त होतं, म्हणून मी कंट्रोल प्लॅन आधी तिथला बघतेय’ हे चालतं, आणि चांगलं चालतं. उलट चूक मी जास्त वेळा पाहिलीय, ऑफिसातली भाषा घेऊन लाईनवर जायची. लाईनची भाषा ऑफिसात नेली तर फार तर कुणी स्मितहास्य करेल. ऑफिसची भाषा लाईनवर नेली तर माणसं मान डोलावतात आणि गेज पडल्याचं सांगायला येत नाहीत. ते तुम्हाला कळतं पंधरा दिवसांनी, ग्राहकाकडून माल परत आल्यावर.

बिघडलंय हे मीटिंगमध्येच ओळखायचं असेल तर बोलणं संपल्यावर गप्प राहून तीन-चार सेकंद थांबा. सगळ्यांनी एकदम ‘हो मॅडम’ म्हटलं आणि पांगले, तर ते तुमच्यापर्यंत पोचलेले नाहीत. कुणी एकानं जरी काही उलट विचारलं, अगदी ‘फर्स्ट पीसला उशीर झाला तर मशीन उभं ठेवायचं का?’ असं अडचणीचं, तरी जमलं. त्याचं उत्तर आत्ताच साहेबांकडून पक्कं करून ठेवा, कारण तो प्रश्न हमखास येतो.

सराव रूममेटसमोर करा, आरशासमोर नको. फोनवर रेकॉर्ड करून एकदा ऐका आणि ‘सो’, ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’ किती वेळा आलं ते मोजा. ते लिहिताना येत नाहीत, घाबरल्यावर येतात. आले तर त्या जागी ‘तर’ आणा, नाहीतर श्वास घ्या. आणि मीटिंगनंतर कुणीतरी जवळ येऊन हमखास विचारेल, ‘गडहिंग्लज म्हणजे नेमकं कुठलं गाव?’ तेव्हा गावाचं नाव पूर्ण सांगा, आणि तिथं ‘जातो’ आलं तर येऊ द्या.